गळ्याला हात, मिठाला झाकण

गावातल्या आरोग्य सभेत ‘थायरॉइड’ हा शब्द पहिल्याच वाक्यात आला की निम्म्या बाया मान डोलावतात आणि निम्म्या घराकडे बघतात. मान डोलावणाऱ्यांपैकी कुणाच्या जावेला ‘थायरॉइड झालेला’ असतो, कुणाची स्वतःची गोळी चालू असते. मग पुढचा अर्धा तास गोळीवरच बोलणे होते, आणि गळ्याची गाठ नि मिठाची बरणी राहूनच जाते. म्हणून माझ्या भाषणाच्या वहीत हा शब्द बराच उशिरा येतो. सुरुवात होते ती टेबलावर मांडलेल्या तीन वस्तूंनी: पाण्याने भरलेला पेला, हातात मावेल एवढा आरसा आणि श्रोत्यांपैकीच कुणाच्या तरी घरून आणलेली मिठाची बरणी.

अंगणवाडीच्या पडवीत आणि शाळेच्या वर्गात वाचून, खोडून, पुन्हा लिहून ही वही तयार झाली आहे. आशाताई, अंगणवाडी सेविका किंवा शिक्षक यांना ती जशीच्या तशी वापरता यावी म्हणून इथे देतो आहे. अवतरणातला मजकूर सभेत बोलायचा आहे. बाकीचा बोलणाऱ्याने स्वतःशी ठेवायचा आहे.

आधी गळा

“मंडळी, आरसा समोर धरा आणि हनुवटी थोडी वर करा. बायांनी ठुशी जिथे बसते तिथे बघायचं, गड्यांनी शर्टाचं वरचं बटण जिथे लागतं तिथे. आता पाण्याचा एक घोट घ्या आणि गिळताना नजर तिथेच ठेवा. काही वर सरकताना दिसतं का? कंठमणी तर सगळ्यांचाच सरकतो. त्याच्या खाली, दोन्ही बाजूंना फुगवटा असेल आणि तोही घोटाबरोबर वर जाऊन खाली येत असेल, तर तो गलगंड असू शकतो.”

इथे थांबावे लागते, कारण कुणीतरी हमखास विचारते, “म्हणजे गंडमाळच ना?” गंडमाळ वेगळी. ती मानेच्या बाजूला, जबड्याखाली एकीला लागून एक अशा गाठींची माळ असते. बहुतेक वेळा ती क्षयाची निघते, आणि गिळताना ती हलत नाही. गलगंड म्हणजे गळ्याच्या पुढच्या भागातली फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी वाढणे. ती श्वासनलिकेला चिकटलेली असते म्हणून घोटाबरोबर सरकते. पाण्याचा पेला या फरकासाठीच आणलेला असतो.

शाळेत पाहणी करणारे आरोग्य कर्मचारी साधारण ६ ते १२ वर्षांच्या मुलांचे गळे तपासतात. त्यांचे माप सभेत सांगण्याजोगे आहे. ग्रंथीचा उजवा किंवा डावा भाग त्याच मुलाच्या अंगठ्याच्या शेवटच्या पेरापेक्षा मोठा लागला, तर ग्रंथी वाढली आहे असे धरतात. हाताला लागते पण मान सरळ असताना दिसत नाही, ती पहिली पायरी. मान सरळ असतानाही दिसते, ती दुसरी. माप मुलाच्या स्वतःच्या अंगठ्याचे असल्यामुळे लहान चणीच्या मुलावर अन्याय होत नाही.

“आता ही ग्रंथी वाढते का? वीटभट्टी डोळ्यांसमोर आणा. भट्टीवर मजूर आहेत, मुकादम आहे, पण मातीची गाडी येत नाही. विटा कमी पडल्या की मुकादम ओरडतो, ‘काम वाढवा!’ माती नाही तर काम कसं वाढणार? तो आणखी मजूर आणतो. विटा तेवढ्याच राहतात आणि भट्टीवर गर्दी मात्र होते. आपल्या गळ्यातली ग्रंथी ही भट्टी, आयोडीन ही तिची माती आणि ती घडवते तो रस म्हणजे विटा. मुकादम बसलाय मेंदूच्या तळाशी. आयोडीन कमी पडलं की तो ओरडत राहतो आणि ग्रंथी फुगत जाते.”

हा मुकादम लक्षात ठेवायला सांगावे, पुढे रक्ताच्या तपासणीत त्याचीच गाठ पडते.

मग मीठ

“माती लागते तरी किती? मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं. सत्तर वर्षांचा हिशेब केला तर ते चार ग्रॅमसुद्धा भरत नाही. म्हणजे जन्मभराचं आयोडीन एका चहाच्या चमच्यात मावेल. पण ते एकदाच खाऊन चालत नाही, रोज थोडं थोडं लागतं. आणि आपल्याकडे रोज सगळ्यांच्या पोटात जाणारी एकच गोष्ट आहे. श्रीमंताच्या आणि गरिबाच्याही. ती म्हणजे मीठ.”

पूर्वी हे आयोडीन जमिनीतून पिकात आणि पिकातून ताटात येत असे. डोंगरउतारावर पावसाने आणि पुराने वरची माती धुऊन गेली की त्याबरोबर आयोडीनही वाहून जाते आणि शेवटी समुद्राला मिळते. हिमालयाच्या पायथ्याला म्हणूनच पूर्वी ‘गलगंडाचा पट्टा’ म्हणत. नंतरच्या पाहण्यांत हा प्रश्न देशभर पसरलेला निघाला: ४१४ जिल्हे तपासले, त्यांपैकी ३३७ जिल्ह्यांत आयोडीनची कमतरता आढळली.

कोकणातल्या सभेत इथे हात वर होतो. “आमचं मीठ समुद्राचंच आहे की. आयोडीन समुद्राला मिळतं म्हणता, मग त्यात असेलच!” प्रश्न रास्त आहे, पण मिठागरात मीठ तयार होताना आयोडीन त्या स्फटिकांत फारसे उतरत नाही. समुद्राच्या साध्या मिठात ते इतके थोडे असते की गरज भागत नाही. मासे खाणाऱ्याला आयोडीन माशांतून मिळते, त्याच किनाऱ्यावरच्या मिठातून नाही. मिठात आयोडीन कारखान्यात मिसळावे लागते, पोटॅशियम आयोडेट या क्षाराच्या रूपात.

याचा पुरावा आपल्याच देशातला आहे. १९५६ मध्ये डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आजच्या हिमाचल प्रदेशातल्या कांगडा खोऱ्यात लाखाहून अधिक वस्तीचा भाग निवडून त्याचे तीन विभाग केले. दोन विभागांत आयोडीनचे मीठ पाठवले, मधल्या विभागात साधे. सुरुवातीला तिन्हीकडे शंभरातल्या सुमारे ३८ जणांना गलगंड होता. सहा वर्षांनी आयोडीनचे मीठ खाणाऱ्या एका विभागात हे प्रमाण निम्म्यावर आले, दुसऱ्यात त्याहूनही खाली. साधे मीठ खाणारा विभाग होता तिथेच राहिला. मग त्यालाही आयोडीनचे मीठ देण्यात आले आणि तिथलेही गळे उतरू लागले. पुढे १९७३ साली निघालेल्या शोधनिबंधाच्या लेखकांत देव आणि करमरकर ही आपल्या ओळखीची आडनावेही आहेत. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला.

कांगड्याची गोष्ट मी थोडक्यातच सांगतो, पण वगळत नाही. “सरकारने मिठात काहीतरी घातलंय” हा संशय आजही ऐकू येतो. आयोडीन नसलेल्या खाण्याच्या मिठावरची बंदी २००० साली उठवली गेली आणि २००६ मध्ये पुन्हा आली. या उलटसुलट निर्णयांनी संशय वाढलाच. ज्या विभागाला साधे मीठ मिळाले तिथले गळे उतरले नाहीत, हे ऐकले की बाया आपसात बोलू लागतात. तेवढे पुरते.

“आता बरणीकडे या. नियम असा आहे की कारखान्यातून निघताना किलोभर मिठात निदान ३० मिलिग्रॅम आयोडीन हवं. वजनाने ते तांदळाच्या दाणा-दीड दाण्याएवढं. दुकानात पोचेपर्यंत थोडं उडणार हे धरून तिथे निदान १५ मिलिग्रॅम हवं. पुढे आपल्या स्वयंपाकघरात किती उरतं, ते झाकणावर आहे.”

हा हिशेब फळ्यावर मांडावा. कार्यक्रम आखला तेव्हा माणशी दिवसाला १० ग्रॅम मीठ धरले होते. किलोला १५ मिलिग्रॅम म्हणजे ग्रॅमला १५ मायक्रोग्रॅम. १० ग्रॅमला १५०. बरोबर गरजेएवढे. पण आता रक्तदाबासाठी डॉक्टर सांगतात की मीठ ५ ग्रॅमच्या आत ठेवा. मग १५ च्या मिठातून ७५ च मायक्रोग्रॅम मिळणार. मीठ ताजे आणि नीट ठेवलेले असेल, ग्रॅमला ३० असेल, तर त्याच ५ ग्रॅममधून १५० मिळतात. शिजवताना यातून साधारण पाचवा हिस्सा जातो, आणि दूध, अंडी, मासे थोडी भर घालतात. एकूण अर्थ असा की आयोडीनसाठी मीठ जास्त खायचे नाही, आहे ते मीठ सांभाळायचे.

“सांभाळायचं म्हणजे काय? उघड्या वाडग्यात, चुलीशेजारी, ओल्या हाताने उचलायचं नाही. ओल, ऊन आणि धग लागली की आयोडीन कमी होतं. घट्ट झाकणाची बरणी घ्या, कोरडा चमचा ठेवा, दोन-तीन महिन्यांपुरतंच मीठ आणा. खडे मीठ धुऊन वापरायची सवय असेल तर ती सोडा. आयोडीन वरच्या थरात असतं, ते पहिल्याच पाण्याबरोबर जातं. मीठ भाजू नका. भाजीत शेवटी शेवटी घाला.”

पिशवीवर हसऱ्या सूर्याची खूण आणि ‘आयोडीनयुक्त’ हे शब्द बघायला सांगावे. मग आशाताईंच्या पिशवीतली छोटी बाटली काढावी. बरणीतले चमचाभर मीठ कोरड्या ताटलीत पसरायचे आणि त्यावर द्रावणाचा एक थेंब टाकायचा. मीठ निळे-जांभळे झाले तर आयोडीन आहे. रंग आलाच नाही तर लगेच निकाल द्यायचा नाही. काही मिठांत आम्लाला मारणारे पदार्थ असतात, ते रंग दाबतात. अशा वेळी नवे मीठ घेऊन त्यावर आधी फेरतपासणीच्या बाटलीतला थेंब आणि मग पहिल्या द्रावणाचा थेंब टाकायचा. बाटलीची मुदत संपलेली असेल तर चांगले मीठही पांढरेच राहते, म्हणून तारीख आधी बघावी. रंगाच्या गडदपणावरून फक्त अंदाज येतो. नेमका आकडा प्रयोगशाळाच सांगते.

सैंधवाचा प्रश्न उपवासाच्या दिवसांत येतोच. चातुर्मासात एखाद-दोन दिवस सैंधव खाल्ल्याने काही बिघडत नाही. पण ‘नैसर्गिक’ म्हणून वर्षभर गुलाबी मीठच वापरणाऱ्या घरात पाकिटावर आयोडीनचा उल्लेख आहे का ते बघावे. बहुधा नसतो.

आणि मग थकवा

इथे पहिल्यांदा मी ‘थायरॉइड’ म्हणतो. आतापर्यंत सांगितलेली ग्रंथी तीच. पण आता सांगायची गोष्ट निराळी आहे, आणि सभेतला सगळ्यात मोठा गोंधळ इथेच होतो. ग्रंथी सुजलेली असूनही काम पुरेसे करत असू शकते. उलट ग्रंथी डोळ्यांना दिसत नसतानाही तिचे काम मंदावलेले असू शकते. आज ज्या मोठ्या माणसांना थायरॉइड कमी असल्याची गोळी चालू असते, त्यांतल्या बहुतेकांत कारण आयोडीनची कमतरता नसते. त्यांची स्वतःची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटलेली असते. देशातल्या आठ शहरांत झालेल्या एका पाहणीत दहातल्या सुमारे एका प्रौढाची ग्रंथी कमी काम करणारी निघाली, आणि त्यांत बायका जास्त.

“भट्टीवर मातीचे ढीग आहेत, पण भट्टीच खचत चाललीय. आता मातीची आणखी एक गाडी आणून काय उपयोग? म्हणून नीट ऐका: आयोडीनचं मीठ हा या आजाराचा उपचार नाही. आणि हा आजार आहे म्हणून आयोडीनचं मीठ बंद करायचंही नाही.”

लक्षणे सांगताना यादी वाचली की प्रत्येकीला सगळीच आपली वाटतात. म्हणून मी एका बाईची गोष्ट सांगतो. ती अनेक जणींची मिळून बनवलेली आहे, तसे सभेत सांगतोही.

वय ३८, दोन मुले, दिवसभर शेतात. वर्षभरात तिचे वजन चार किलोंनी वाढून साठवर गेले, खाणे मात्र तेवढेच. सगळे पंख्याखाली बसायचे तेव्हा ती पदर अंगभर लपेटायची. शौचाला तीन-तीन दिवस होत नसे. पाळी आठ दिवस जायची. टाचा फुटलेल्या, केस विंचरताना हातात यायचे, सकाळी डोळ्यांखाली सूज. फोनवर बहीण विचारायची, “सर्दी झालीय का? आवाज जाड झालाय तुझा.” रक्त कमी म्हणून ती वर्षभर लोहाची गोळी घेत होती, पण थकवा हटत नव्हता.

“यातलं एकेक लक्षण सुटं घेतलं तर कशाचंही असू शकतं. थंडी रक्त कमी असल्याने वाजते, थकवा कामाने येतो. पण चार-पाच गोष्टी एकत्र, हळूहळू आणि महिनोनमहिने वाढत गेल्या, तर अंदाज बांधत बसू नका. रक्ताची एक तपासणी सांगते. तिचं नाव टीएसएच.”

टीएसएच म्हणजे मुकादमाचा आवाज. विटा कमी पडल्या की तो वाढतो. प्रयोगशाळेगणिक थोडा फरक असतो, पण साधारण ०.४ ते ४.५ च्या दरम्यान तो ठीक मानतात. या बाईचा ६२ निघाला, आणि ग्रंथीचा रस फार कमी. नाडी मिनिटाला ५६. डॉक्टरांनी वजनाच्या हिशेबाने रोज १०० मायक्रोग्रॅम थायरॉक्सीन सुरू केले. भट्टी विटा देत नाही, तर विटा बाहेरून आणायच्या, एवढेच या गोळीचे काम.

सहा आठवड्यांनी तपासले तर टीएसएच अजून १८. डोस वाढवण्याआधी डॉक्टरांनी विचारले, “गोळी कशी घेता?” ती म्हणाली, “सकाळच्या चहाबरोबर, लोहाच्या गोळीला जोडूनच. दोन्ही एकदम आठवतात.” चूक तिथे होती. लोह आणि कॅल्शियम या गोळीला आतड्यातच धरून ठेवतात, ती रक्तात पोचत नाही. दूध-चहानेही ती कमी शोषली जाते. मग ठरले ते असे: पहाटे उठल्यावर नुसत्या पाण्याबरोबर थायरॉइडची गोळी, निदान अर्ध्या तासाने चहा आणि लोहाची गोळी रात्री. डोस तोच ठेवला. पुढच्या तपासणीत टीएसएच ३ वर आले. काही महिन्यांत पाळी सावरली, आणि लोहाची गोळीही आता लागू पडू लागली.

तिने पुढे विचारलेला प्रश्न सभेतही येतो: “आकडा बरोबर आला, आता गोळी बंद करू का?” आकडा गोळीमुळे बरोबर आलेला असतो. बहुतेकांना ती कायम लागते, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय कमी-जास्त करायची नसते.

पोटातलं बाळ

“सगळं विसरलात तरी एवढं घरी घेऊन जा. बाळाचा मेंदू घडतो तो आईच्या पोटात. पहिल्या महिन्यांत बाळाची स्वतःची भट्टी सुरू झालेली नसते, ते आईच्याच विटा वापरतं. आईला आयोडीन फार कमी पडलं तर बाळ मतिमंद किंवा बहिरं होऊ शकतं, आणि ते नुकसान नंतर मीठ खाऊन भरून येत नाही. म्हणून गरोदरपणात आयोडीनची गरज वाढून २५० मायक्रोग्रॅमपर्यंत जाते. ज्या बाईची थायरॉइडची गोळी आधीपासून चालू आहे, तिने दिवस गेल्याचं कळताच डॉक्टरांकडे जायचं, कारण डोस बहुधा वाढवावा लागतो. भीतीपोटी गोळी थांबवायची नाही. गोळी बाळाला लागते.”

काही बाळांची ग्रंथी जन्मतःच नीट नसते. कावीळ लांबणे, अंग सैल असणे, दूध कमी ओढणे, शौचाला न होणे, रडणे घोगरे असणे, बेंबी पुढे येणे, जीभ मोठी दिसणे ही त्याची चिन्हे. ती दिसेपर्यंत बहुधा वेळ गेलेला असतो, म्हणून बाळंतपणाच्या दवाखान्यात टाचेच्या रक्ताच्या थेंबावर ही तपासणी होते का ते विचारावे. पहिल्या दोन आठवड्यांत उपचार सुरू झाले तर बाळ इतरांसारखे वाढते.

उठण्याआधीचे प्रश्न

कोबी, फ्लॉवर बंद करायचे का? शिजवून, नेहमीच्या प्रमाणात खायला हरकत नाही. बाजरीतही ग्रंथीच्या कामात थोडी आडकाठी करणारे घटक आहेत, पण ते त्रास देतात ते आयोडीन कमी आणि बाजरी हेच मुख्य अन्न असेल तेव्हा. भाकरी सोडायची गरज नाही, मीठ बघायचे.

गलगंड मिठाने जातो का? लहान मुलांचा, सगळीकडे सारखा फुगलेला मऊ गलगंड महिन्या-वर्षांत कमी होतो. आजीचा चाळीस वर्षांचा गाठीगाठींचा गलगंड बहुधा तसाच राहतो. गाठ एकाच बाजूला कडक लागत असेल, झपाट्याने वाढत असेल, आवाज बसला असेल, गिळताना किंवा आडवे पडल्यावर श्वास घेताना त्रास होत असेल, तर सभेची वाट न बघता दवाखाना गाठावा. गलगंडाबरोबर छातीत धडधड होऊन वजन उतरत असेल तरी तेच, कारण तिथे ग्रंथी जास्त काम करत असते आणि उपाय उलटा असतो.

शेवटी टेबलावरची बरणी तिच्या मालकिणीला परत द्यायची असते. एका सभेत ताटलीतले मीठ दोन्ही वेळा पांढरेच राहिले. ज्या आजींनी ते आणले होते त्या जराशा वरमल्या, म्हणाल्या, “गुरांसाठी पोतं आणतो, त्यातलंच आम्हीही खातो. स्वस्त पडतं.” आशाताईंनी वहीत त्यांच्या घरापुढे खूण केली. आजींच्या घरात कोण कोण आहे, हे तिथे आधीच लिहिलेले होते: नातसून, चौथा महिना. संध्याकाळी आशाताई पहिल्यांदा त्याच घरी गेल्या. त्यांच्या हातात आयोडीनच्या मिठाची पुडी होती आणि एक झाकणाची बरणी.